पोकळीचं दार

पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या उतारावर एक वस्ती आहे. तिथं भिवराबाईचं सासर. माहेर खाली, कड्याच्या बाजूला. दोन्हीकडची रीत एकच होती. दसरा झाला की घरांना कुलपं लागायची, म्हातारी माणसं आणि कुत्री मागं राहायची, आणि बाकीचं गाव ट्रकमध्ये बसून उसाच्या फडावर जायचं. भिवराबाई आधी आईच्या पाठुंगळी गेली, मग आईच्या बरोबरीनं, आणि लग्न झाल्यावर रामहरीबरोबर. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं 'कोयता' म्हणतात. या कोयत्यात रामहरी तोडायचा आणि भिवराबाई मोळी बांधून, डोक्यावर घेऊन, फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. तिची मान त्या वजनानं जी ताठ झाली ती कायमचीच. पुढं लोक म्हणायचे, बाई गर्वानं चालते. गर्व नव्हता, सवय होती.

पहिल्या मोठ्या दुष्काळात ऊसच वाळला. मुकादम फिरकला नाही. रामहरीचा मावसभाऊ पुण्यात फॉल्स सीलिंगची कामं करायचा, त्यानं निरोप धाडला, "मानसं कमी हायत, या." दोघं गेले. भिवराबाईला वाटलं होतं, कुठंतरी घमेली उचलायची असतील. पण पहिल्याच दिवशी मावसभावानं तिला घोड्यावर, म्हणजे उभं राहून काम करायच्या उंच लोखंडी तिवईवर, चढवलं आणि सांगितलं, "वहिनी, ह्यो बोर्ड डोक्यानं वर दाबून धरायचा, मी स्क्रू मारेस्तवर हलायचं न्हाई." ती हलली नाही. मोळी तर यापेक्षा जड असायची.

हळूहळू तिनं सगळं काम पाहून घेतलं. आधी भिंतीवर चारी बाजूंनी एकाच पातळीची रेघ. पारदर्शक नळीत पाणी भरून ती रेघ धरायची, कारण पाणी कुणाची भीडभाड ठेवत नाही. त्या रेघेवर कडेची पट्टी. मग वरच्या स्लॅबला भोकं पाडून, बोल्ट ठोकून त्यांना लोखंडी पट्ट्या लोंबत्या सोडायच्या. मावसभाऊ त्यांना लटकण म्हणायचा. लटकणीपासून लटकण चार फुटांवर, त्याहून लांब नाही. लटकणींना आडवे चॅनेल, चॅनेलखाली दीड-दीड फुटांवर सेक्शन म्हणजे पातळ पत्र्याच्या पट्ट्या, आणि सेक्शनला खालून जिप्समचा बोर्ड. शेवटी सांध्यांवर टेप आणि पुट्टी. पाहणाऱ्याला खालून एक पांढरी, सपाट चादर दिसते. वरचा सगळा पसारा तिच्या आड जातो: वायरी, पाइप, एसीच्या नळ्या.

"ह्ये छत न्हाई," मावसभाऊ सांगायचा. "ह्यो पडदा हाय. सोताचं वजन पेलतो, आन दिव्यांचं. मानसाचं पेलत न्हाई."

भिवराबाईनं हे वाक्य ऐकलं होतं. रामहरीनंही ऐकलं होतं. तरी व्हायचं ते झालं.

एका कचेरीत वरून पाणी ठिबकत होतं. सीलिंग दुसऱ्याच कुणीतरी केलेलं, आणि त्यात वर जायला दारच ठेवलेलं नव्हतं. कारागीर लोक त्याला ट्रॅप डोअर म्हणतात. बोर्डातच एक चौकोन, ढकलला की उघडतो, वरच्या नळाला, वायरीला हात पोचतो. ते नव्हतं म्हणून तिथल्या माणसानं रामहरीला दिव्याची चौकट काढून त्या भोकातून आत शिरायला सांगितलं. पाइप लांब होता. रामहरी पोटावर सरकत गेला. सेक्शनवर गुडघा टेकला, क्लिप सुटली, आणि तो बोर्डासकट खाली आला. खाली टेबलाची कड होती.

भिवराबाई तेव्हा दुसऱ्या खोलीत पुट्टी घासत होती. आवाज ऐकून धावली तेव्हा रामहरी उताणा पडलेला, तोंडावर पांढरी धूळ, डोळे उघडे. तो म्हणाला, "पाय कुटं गेले माजे?"

पाय होते. पुढं काही महिन्यांनी ते हलूही लागले. काठी घेऊन तो चालायला लागला. पण कमरेनं कायमची साथ सोडली. वर बघून हात उचलायचं काम त्याच्यानं पुन्हा झालं नाही. त्या दिवसाबद्दल तो कधी बोललाही नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "पडलो," आणि तंबाखू मळायला लागायचा.

दोघं गावी परत आले.

गावी आल्यावर पहिलं वर्ष कसंबसं गेलं. दोन हजार अठराचा पावसाळा मात्र कोरडाच निघाला. बाजरी वितीएवढी होऊन करपली. विहिरींचे तळ दिसायला लागले. पाटोद्याच्या रस्त्याला जनावरांची छावणी पडली. गावातले निम्मे लोक आपल्या गुरांबरोबर तिथंच पाल ठोकून राहायला गेले. भिवराबाईचे दोन बैल होते. तेही छावणीत गेले, आणि त्यांच्याबरोबर रामहरी आणि ती.

छावणीला लागूनच दूध संस्थेची इमारत होती. शेतकऱ्यांनी सहकारात उभी केलेली. चेअरमन सुंदरराव तिथल्या मोठ्या घरातले, साठीचे, अंगानं भारदस्त. दुष्काळात दूध आटलं होतं, सभासद कुरकुरत होते, आणि संस्था मोडीत निघणार अशी वदंता होती. अशात सुंदररावांनी जुन्या गोदामाचा हॉल करायचा घाट घातला. स्लॅब इतका तापायचा की माणूस खाली बसू शकत नव्हता. सीलिंग केलं तर हॉल थंड राहील, सभा होतील, छावणीतल्या लेकराबाळांना दुपारी बसता येईल, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या कानावर गेलं की छावणीत एक बाई आहे, पुण्यात हेच काम करत होती.

"बाई करनार?" संचालकांपैकी कुणीतरी विचारलं.

त्याच संचालक मंडळात छबुबाई होत्या. दोन म्हशींवर घर ओढलेल्या, पांढऱ्या केसांच्या. त्या म्हणाल्या, "दूध बाईनंच काढलं तवा तुमची संस्था झाली. करू द्या की."

काम भिवराबाईला मिळालं. छावणीतल्याच चार माणसांना तिनं हाताशी घेतलं. रामहरीला तिनं खाली खुर्चीवर बसवलं. मापं घेणं, बोर्ड कापणं, सेक्शनचे तुकडे करणं त्याच्याकडं. नवरा खाली आणि बायको घोड्यावर, हे पाहून लोक सुरुवातीला हसले. रामहरी मान वर करत नव्हता. सुरीनं बोर्डाच्या कागदावर रेघ मारायचा, गुडघ्यावर ठेवून कडकन मोडायचा, आणि म्हणायचा, "घ्या." माप कधी सुताचंही चुकलं नाही.

गच्चीवर पाण्याची टाकी होती. तिच्यापासून निघालेला नळ स्लॅबच्या पोटाखालून हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, मोरीकडं जात होता. टाकीजवळच्या बाजूला कॉक होता. हॉलच्या बरोबर मध्यावर जुना लोखंडी नळ संपून नवा प्लास्टिकचा सुरू होत होता, तिथं सांधा. हा सांधा म्हाळूनं केलेला. म्हाळू नळाची कामं करायचा, गावातलाच, हसतमुख माणूस.

भिवराबाईनं बोल्ट ठोकताना पाहिलं की एका ओळीतली लटकण नेमकी नळावर येते. कामावरचा एक जण म्हणाला, "नळालाच तार बांधू, मजबूत हाय."

"नळाला काय बी टांगायचं न्हाई," भिवराबाई म्हणाली. "नळ म्हाळूचा हाय, लटकण आपली. एकाचं दुसऱ्यावर आलं की दोनी जातेत." तिनं ती लटकण नळाच्या अलीकडं घेतली आणि मधलं अंतर वाढू नये म्हणून पलीकडं आणखी एक सोडली. मग खाली उतरून म्हाळूला विचारलं, "म्हाळू, सांध्यात पानी सोडून बघितलंस का?"

म्हाळू हसला. "वहिनी, पानी हाय कुटं? टाकी दिवाळीपासनं कोरडी हाय. चांगला बसवलाय, काळजी नका करू."

तिला काळजी वाटलीच. बोर्ड लागायच्या आत नळात एकदा पाणी खेळायला हवं, हे तिनं सुंदररावांना सांगितलं. सुंदरराव बाहेर बाजेवर बसले होते. समोर टँकर लागला होता आणि भांड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती.

"भिवराबाई, तू बघतीस ना ही रांग?" ते म्हणाले. "ह्या लोकांसमोर मी टँकर नळात रिता करू? जनावरांच्या तोंडचं पानी?"

सकाळी तीच त्या रांगेत घागर घेऊन उभी होती, आणि अर्धी घागर घेऊन परतली होती. आज पाणी नळात सोडलं असतं तर आणखी कुणाची तरी अर्धी झाली असती.

"बरं," ती म्हणाली. "मग आण्णा, बोर्डात दोन दारं ठेवावी लागतील. एक कॉकखाली, एक त्या मधल्या सांध्याखाली."

सुंदरराव उठून हॉलमध्ये आले. मधोमध उभं राहून वर पाहिलं. "इथं? ऐन मध्यावर? इथं आपलं गाय-वासरू बसायचंय, भिवराबाई."

संस्थेचं बोधचिन्ह होतं ते. बीडच्या एका कारागिरानं प्लास्टरमध्ये घडवलेलं, हाताच्या कवेत मावेल एवढं, खाली संस्थेचं नाव. ते हॉलच्या बरोबर मध्यावर, दिव्यांच्या गोलात बसणार होतं.

"कावून पायजे तिथंच झाकन?" सुंदररावांनी विचारलं.

"सांधा तिथं हाय म्हनून. कधीतरी गळंल, तवा हात घालाया जागा लागंल."

"कॉकखाली ठेव. गळालं तर कॉक बंद करता येईल, मग निवांत दुरुस्ती. मधी नको." मग त्यांचा आवाज खाली आला. "तुला खरं सांगू का? दोन वर्सं झाली, ह्या संस्थेत जे हाती घेतलं ते अर्धवट ऱ्हायलं. सभासद येतेत, खाली मान घालून जातेत. एक गोष्ट तरी अशी होऊ दे की मानसानं वर बघावं आन म्हनावं, हां, ही आपली. मधी झाकन नको मला."

भिवराबाईला रामहरीकडं पाहावंसं वाटलं, पण पाहिलं नाही. सुंदररावांचं म्हणणं खोटं नव्हतं. कॉक हाताशी असला तर पाणी थांबतं हेही खरं.

"मग बोर्ड मी न्हाई लावत," ती म्हणाली खरी, पण आवाजात जोर नव्हता.

त्या संध्याकाळी पालाशी बसल्यावर रामहरीच तिला म्हणाला, "लावून टाक. एक दार देतेत न्हवं? आपुन म्हनलं ते सगळंच ऐकाया आपुन कोन? चार घरांच्या चुली ह्या कामावर हायत."

"तुमी म्हनताय असं?"

"मी म्हनतोय."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि तोंड फिरवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं.

कॉकखाली तिनं दार केलं. दारासाठी मधला सेक्शन कापावा लागला, तर चारी बाजूंनी आडवे तुकडे जोडून चौकट बांधली आणि कोपऱ्यांवर जादा लटकणी दिल्या. कापलेला सेक्शन तसाच अधांतरी ठेवला तर दोन पावसाळ्यांत बोर्ड वाकतो, हे तिला ठाऊक होतं. बोधचिन्ह जड होतं, बोर्ड एकटा ते पेलणार नाही. म्हणून त्या जागी तिनं सेक्शन जवळ जवळ घेतले, त्यांच्या वर लटकणी वाढवल्या, आणि चिन्ह बोर्डातून आरपार थेट सेक्शनला कसलं. स्क्रूंची डोकी प्लास्टरनं बुजवली. ते वर बसलं तेव्हा छावणीतले लोक दारात गोळा झाले होते. म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले. सुंदरराव कुणाला दिसू नये म्हणून भिंतीकडं तोंड करून चष्मा पुसत होते.

उद्घाटन झालं. हॉल खरंच थंड राहिला. उन्हाच्या भरात छावणीतल्या बाया लेकरं घेऊन तिथं येऊन पडायला लागल्या.

मे महिन्यात उष्म्यानं लेकरं अंथरुणाला खिळायला लागली. उलट्या, ताप. हॉलच्या मोरीला पाणी हवं म्हणून सुंदररावांनी खटपट करून एक टँकर खास टाकीत रिता करून घेतला. दिवाळीनंतर पहिल्यांदा त्या टाकीत पाणी पडलं. म्हाळूनं दारातून हात घालून कॉक उघडला. मोरीतल्या तोटीला पाणी आलं तेव्हा बाया तोटीभोवती गोळा झाल्या, आणि पाणी पिण्याआधी सगळ्यांनी लेकरांची तोंडं धुतली.

त्याच दिवशी दुपारी भिवराबाई हॉलमध्ये छबुबाईंच्या नातीजवळ बसली होती. पोरीला ताप होता. ओलं फडकं कपाळावर बदलताना तिची नजर वर गेली. गाय-वासराच्या पायाशी बोर्डावर पिवळसर डाग होता. सकाळी नव्हता. ती पाहत राहिली. डागाची कड हळूहळू सरकत होती. बोर्डाच्या सांध्यावर पुट्टीला बारीक चीर गेली होती, आणि त्या जागी पोटासारखा फुगवटा आला होता.

"उटा," ती म्हणाली. मग ओरडून, "उटा समदे! लेकरं उचला, भिंतीकडं सरका. मधी कुनी ऱ्हाऊ नका!"

बायांना कळेना, पण तिचा आवाज ऐकून त्या हलल्या. आजारी लेकरं चादरीसकट उचलली. छबुबाईंनी नातीला छातीशी धरून व्हरांडा गाठला. भिवराबाई आधी मीटरकडं धावली आणि मेन स्विच पाडला. वर दिव्यांच्या वायरी होत्या, त्यांच्यावर पाणी येत असणार. मग ती घोडा ढकलत कॉकच्या दाराखाली घेऊन आली, चढली, दार वर ढकललं आणि काळोखात हात घातला. कॉक गंजलेला नव्हता, पण वाळू बसली होती. दोन्ही हातांनी पिळला. आत कुठंतरी पाण्याचा आवाज चालू होता. आणखी पिळला. आवाज मंदावला, मग थांबला.

टाकीतलं बरंचसं पाणी वाचलं. पण जे सांध्यातून गळालं ते बोर्डावर साचलं होतं, आणि नळात उरलेलं अजून ठिबकत होतं.

रामहरी काठी टेकत दारात आला होता. वर पाहून तो म्हणाला, "त्याला भोक पाड. वजन उतरव. न्हाईतर समदं एकदम यील."

खाली घागरी, बादल्या, पातेली मांडली. भिवराबाईनं लांब काठीला स्क्रू-ड्रायव्हर बांधला आणि बाजूला उभी राहून फुगवट्याच्या पोटात खुपसला. पांढरं, गढूळ पाणी धारेनं घागरीत पडलं. प्यायला नाही, तरी ते कुणी सांडू दिलं नाही. बायांनी घागरी बदलत बदलत सगळं धरलं. फुगवटा बसला.

तेवढ्यात म्हाळू आला. त्याचं तोंड उतरलेलं होतं. पाठोपाठ सुंदररावही आले. टाकीत पाणी आहे आणि तोटीला नाही, आणि मोरीपाशी तान्ही लेकरं घेऊन बाया उभ्या. म्हाळूला काय करावं सुचेना.

"माजा सांधा," तो म्हणाला. "मी करतो. आत्ता करतो." तो घोड्यावर चढला, दारातून डोकं वर काढलं, मोबाइलचा उजेड फिरवला. "दिसतोय. पर हात न्हाई पुरत. लांब हाय." त्यानं दोन्ही तळवे चौकटीवर टेकले. "जरा आत सरकलो की झालं."

आणि त्यानं एक पाय घोड्यावरून उचलला.

रामहरीची काठी जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. तो घोड्याशी कसा पोचला हे कुणी नीट पाहिलं नाही. त्यानं म्हाळूचा खालचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"वर चढू नगंस!"

"दादा, सोडा की. एवडंसं तर—"

"एवडंसंच हुतं!" रामहरी ओरडला. त्याचा एवढा मोठा आवाज भिवराबाईनं लग्नापासून ऐकला नव्हता. "मला बी एवडंसंच हुतं! मला बी म्हनले, सरक जरा आत. मी न्हाई म्हनलो असतो तर दुसरा गेला असता, म्हनून गेलतो. तिथं दार न्हवतं रं. कुनी ठेवलंच न्हवतं. खाली उतर म्हाळू. पाया पडतो तुज्या, उतर."

म्हाळूनं पाय खाली टेकला. तो उतरला तरी रामहरीनं त्याचा पाय सोडला नव्हता. भिवराबाईनं येऊन त्याची बोटं एकेक करून सोडवली.

मग ती सुंदररावांकडं वळली. तिनं वर बोट दाखवलं. सांध्याच्या बरोबर खाली गाय-वासरू होतं.

सुंदररावांनी वर पाहिलं. गाईच्या पायाशी प्लास्टर ओलं होऊन काळवंडलं होतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"निगंल का ते? आख्खं?" त्यांनी विचारलं.

"स्क्रू बुजवल्यात आण्णा. फोडल्याबिगर सापडायचे न्हाईत."

"फोड," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "पानी सोडून बघा म्हनलीस ते तवाच ऐकाया पायजे हुतं, असं मी म्हननार न्हाई. तवा पानी न्हवतं, हे तुला बी ठावं हाय. पर दार द्याया पायजे हुतं. फोड."

"मी बी नेट धरून बोलले न्हाई," भिवराबाई म्हणाली. "तो माजा वाटा."

तिनं चिन्हाखाली फळी लावून दोन टेकू दिले, म्हणजे ते अंगावर येणार नाही. मग छिन्नीनं अलगद प्लास्टर टिचवत स्क्रूंची डोकी शोधली. वासरू निम्मं तुटलं. गाय बऱ्यापैकी शाबूत निघाली. दोन माणसांनी ती खाली घेतली आणि भिंतीशी टेकवली. ओला बोर्ड सुरीनं कापताना भिजल्या पोळीसारखा सुटत होता. दोन सेक्शनच्या मधला तेवढाच चौकोन तिनं काढला. लोखंडाला हात लावला नाही. त्या चौकोनातून घोड्यावर उभ्या असलेल्या माणसाचं डोकं आणि दोन्ही हात वर जात होते, आणि पाय घोड्याच्या फळीवर राहत होते.

"आता कर," ती म्हाळूला म्हणाली.

म्हाळू सांधा उघडून बसवत होता तोवर रामहरी घोड्याचा पाय धरून उभा होता. गरज नव्हती, घोडा पक्का होता. तरी कुणी त्याला बाजूला हो म्हटलं नाही. उन्हं कलल्यावर कॉक पुन्हा उघडला. भिवराबाईनं सांध्याभोवती कोरडा हात फिरवला, थांबली, पुन्हा फिरवला. हात कोरडाच राहिला. मोरीकडून बायांचा गलका आला.

छबुबाईंची नात त्या आठवड्यात बरी झाली. छावणीतलं एक तान्हं मात्र गेलं. त्याला बीडला नेईपर्यंत उशीर झाला होता. त्याच्या आईला सुंदररावांनी हॉलमध्येच ठेवून घेतलं, आणि बाया आळीपाळीनं तिच्याजवळ बसल्या.

मध्यावर भिवराबाईनं रीतसर दार केलं, चौकटीला जादा लटकणी देऊन. गाय-वासरू हॉलच्या दाराशेजारच्या भिंतीवर बसवावं असं संचालकांनी ठरवलं. वासराचा तुटलेला भाग बीडचा कारागीर जोडून देतो म्हणाला होता, पण सुंदररावांनी तसंच लावायला सांगितलं.

रामहरी त्यानंतर थोडा बोलता झाला. एका संध्याकाळी बैलांना पाणी दाखवताना त्यानं आपण होऊन सांगितलं की पडताना त्याला भिवराबाईचा पुट्टी घासण्याचा आवाज ऐकू येत होता, आणि तो आवाज थांबला तेव्हाच त्याला कळलं की आपल्याला काहीतरी झालंय. भिवराबाई दावं सोडवत होती. तिचे हात थांबले. बैल पाणी पीत राहिला.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. छावणी उठली. दसऱ्याच्या आधी मुकादम दारात आला आणि म्हणाला, यंदा फड मोठे आहेत, कोयता पाहिजे. त्याला रामहरीच्या कमरेचं ठाऊक नव्हतं. भिवराबाईनं त्याला चहा दिला, बाजेवर बसवलं, आणि सांगितलं, "आमचं आता दुसरं काम हाय." बीडला एका शिकवणीच्या इमारतीत तिला काम मिळालं होतं.

ट्रक गेले तेव्हा वस्ती रिकामी झाली. भिवराबाईनं भोकं पाडायची मशीन पोत्यात गुंडाळली, पाणी भरायची नळी गोल करून त्यावर ठेवली, आणि पोतं डोक्यावर घेतलं. रामहरीनं सुरी आणि मापाचा टेप खिशात टाकला. दोघं फाट्यावर एसटीची वाट पाहत उभे राहिले.